सोळा टन, तेवीस पानं, पाच ओळी

वच्छला काळमेघ बाई कमी बोलत होती असं नाही. बोलायला बसली तर समोरच्याचा चहा थंड होऊन त्यावर साय यायची. पण लिहायला बसली की बाई कंजूष. रिद्धपूरजवळच्या एका गावात तिनं नऊ वर्षं ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काढली, आणि त्या नऊ वर्षांत ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामसेवकाच्या नावानं तिनंच लिहिलं. नळाच्या लायनीवरून दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, एकाचा सदरा फाटला, एकीनं सरपंचाच्या अंगावर घागर उपडी केली, की हिच्या वहीत एक ओळ: ‘नळयोजनेवर सविस्तर चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर.’ गावात सर्वानुमते काही होत नाही हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक. पण वही कशी, धुतल्या तांदळासारखी.

आता पंचेचाळिशी उलटलेली. संत्रा उत्पादकांच्या एका कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसात ती समन्वयक. म्हणजे कोणतंही काम कोणाचंच नसलं की ते हिचं. माल शेंदूरजनाघाटच्या पॅकहाऊसमध्ये निवडला जातो, खोक्यात भरला जातो आणि ट्रकनं बाहेर जातो. दर सोमवारी बारा वाजता कॉम्प्युटरवर मीटिंग. इकडून वच्छला आणि खरेदी पाहणारा स्वप्निल. तिकडून पॅकहाऊसचे चंद्रभान गावंडे, वय अठ्ठावन्न, आणि मालाची तपासणी करणारी प्रणाली. मधात मॅनेजर किशोर सर.

त्या सोमवारी किशोर सर नव्हते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ते अकोल्याला, जुन्या शहरातल्या सासुरवाडीला जाऊन बसले होते. अडीच वाजता त्यांचा फोन आला.

“ताई, मीटिंग हुकली माही. चार वाजता बंगलोरच्या पार्टीले गाडीची तारीख द्यायची हाये. काय ठरलं ते पाठवा. पाच ओळी. सहावी लिहाल तर मी वाचणार नाही.”

“सर, मागच्या खेपेले तर तुमी दोनच वाचल्या होत्या.”

“म्हणून तर म्हणतो, बाई! पहिल्याच ओळीत कामाचं टाका. तुमी लिहाल तेच मी पार्टीले सांगीन. एकदा तारीख तोंडातून गेली की गेली.”

म्हणजे गोष्ट साधी होती. वच्छला लिहील ती तारीख कंपनीची तारीख. ती चुकली, तर बंगलोरचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून माल उचलेल आणि पुढच्या हंगामात फोनही घेणार नाही.

आता ही बाई मीटिंगमध्ये होती, पण अर्धीच. मधातच काउंटरवर दोन शेतकरी पावतीसाठी येऊन भांडले, त्यांना निस्तरता निस्तरता तिची अर्धी मीटिंग गेली. बरं, मीटिंगची रेकॉर्डिंग होते, आणि बोललेलं सगळं मशीन आपोआप टाइप करून देते. तिनं ते काढलं. एकसष्ट मिनिटं. तेवीस पानं.

वरती मशीननं स्वतःहून काढलेला सारांशही होता: ‘टीमने बुधवारी सोळा टन माल पाठवण्यास सहमती दर्शवली. प्रणाली यांनी आपल्या साल्याच्या लग्नातील अनुभव मांडला. चर्चा सकारात्मक वातावरणात पार पडली.’

वच्छला एकटीच खो खो हसली. प्रणाली चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं, तिला साला कुठून आला? पॅकहाऊसमध्ये लॅपटॉप एकच, तो प्रणालीच्या नावानं लागलेला. त्यासमोर चंद्रभान बोलो नाहीतर दारातून कुत्रं भुंको, मशीन बिचारं सगळं प्रणालीच्या नावावर टाकत होतं.

तिनं पानं छापून घेतली, पेन्सिल घेतली आणि फुली मारत निघाली. पान एक ते तीन, आवाज येते का, येते, नाही येत, आता येते का. फुली. पान चार, बागेत शिरलेली वानरं. फुली. पान पाच, खोके आठशे कमी आहेत, स्वप्निल म्हणतो उद्या दुपारपर्यंत मागवतो. याला गोल. पान सहावर प्रणाली, खरी प्रणाली, सांगते की एका बागेचा माल आंबट निघाला म्हणून बाजूला ठेवला. गोल. आठ ते पंधरा एकटा स्वप्निल: खोक्यावर नवीन लेबल कसं पाहिजे, त्यावर संत्र्याला डोळे पाहिजेत की नको. फुली, फुली, फुली. सोळा ते तेवीस, परत गाडी, मधात लग्नकार्याच्या गप्पा, शेवटी राम राम. फुली.

तेवढ्यात स्वप्निलच मागं येऊन उभा राहिला. “काकू, माहे आठ पानं काहून खोडून राहिल्या?”

“तू अठरा मिनिटं बोलला, बापू. त्यात ठरलं काय?”

“चर्चा झाली ना.”

“ठरलं काय?”

स्वप्निलनं डोकं खाजवलं. “ठरलं तर काही नाही.”

“मंग तेच लिहीन मी. ठरलं काही नाही. अर्धी ओळ तुले, जाय.”

“आणि गाडीचं लिहा, बुधवार फिक्स. चंद्रभानकाका हाव म्हणले, मी स्वतः ऐकलं.”

खरंच होतं. पान सात. स्वप्निल: ‘काका, बुधवारी सोळा टन काढू ना?’ त्याखाली प्रणालीच्या नावानं चंद्रभान: ‘हाव हाव, पाहू ना.’

वच्छलाचा हात जुन्या सवयीनं चालू लागला. ‘बुधवारी सोळा टन पाठवण्याचे सर्वानुमते—’ इथवर तिनं टाइप केलं आणि थांबली. ग्रामसभेची वही कपाटात जाते आणि तिथंच म्हातारी होते. ही ओळ चार वाजता बंगलोरला जाणार होती. आणि ‘हाव हाव, पाहू ना’ म्हणजे काय, हे मशीनला नसेल माहीत, वऱ्हाडात जन्मलेल्या बाईला माहीत होतं. एकदा हाव म्हटलं तर माणूस काम करतो. दोनदा म्हटलं तर टाळतो. आणि वरून पाहू ना लावलं, तर त्याला तिथून उठून जायचं असते.

तिनं फुली मारलेली पानं परत उलटली. एकोणिसाव्या पानावर, गाडीची गोष्ट परत निघाली तिथंच, तो साल्याच्या लग्नाचा अनुभव होता. चंद्रभान सांगत होते: मोर्शीला साल्याचं लग्न, पंगत बसवली, पत्रावळी मांडल्या, पाहुणे हात धुऊन तयार, आणि आचारी म्हणते चूल पेटलीच नाही. तीनशे माणूस कोरड्या पत्रावळीकडे पाहून राहिला. मग लोकांनी नवरदेवाच्या बापाले असं सोलून काढलं म्हणता! यावर स्वप्निल, प्रणाली सगळे हसलेले. मशीननं कंसात लिहिलं होतं, हशा. वच्छलानंही पहिल्या वाचनात त्यावर फुली मारली होती.

आता ती हसली नाही. मीटिंगमध्ये गाडीची गोष्ट चालू असताना अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चूल न पेटल्याची गोष्ट उगाच सांगत नाही. स्वप्निलसारख्या पंचवीस वर्षांच्या पोट्ट्यासमोर, प्रणालीसमोर, ‘माह्यानं होत नाही’ हे तोंडानं म्हणायला त्याला जड गेलं असेल. त्यानं म्हटलं होतं, पण त्याच्या रीतीनं.

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. तिनं फोन लावला.

“चंद्रभानभाऊ, चूल काहून नाही पेटली?”

“कोणती चूल?” मागं बायांचा गलका आणि क्रेट आपटल्याचा आवाज.

“मोर्शीची नाही म्हणत मी. शेंदूरजन्याची.”

तिकडचा गलका थोडा दूर गेला. मग चंद्रभान आवाज खाली घेऊन म्हणाले, “तुले कोणं सांगतलं?”

“तुमीच सांगतलं, एकोणिसाव्या पानावर. आता सरळ सांगा, चार वाजता सर पार्टीले तारीख देऊन राहिले.”

“मी नाही कवा म्हणलं?”

“हाव बी नाही म्हणलं ना, भाऊ.”

मग निघालं. फळं आकारानं वेगळी करणारं मशीन शनिवारीच बंद पडलं होतं, बेअरिंग खाऊन. नागपूरहून नवीन यायला बुधवार. तोवर बाया हातानं निवडतात, दिवसाला तीन टन. चार टन आधीचा तयार, उद्याचे तीन, म्हणजे बुधवारी सकाळी सात. बेअरिंग बसलं की मशीन दिवसाला दहा टन काढते, उरलेले नऊ गुरुवारी निघून शुक्रवारी सकाळी गाडी.

“हे मीटिंगमदी बोलाले काय झालं होतं?”

“तो स्वप्निल लगेच म्हणते, काकाचं रोजचंच रडणं. मागच्या महिन्यात म्हणलाच होता, सगळ्याईसमोर. मी मनात म्हणलं, मंगळवारी रात्रीपर्यंत काही जुगाड जमते का पाहू.” मग अजून खाली आवाजात: “माहं नाव नोको टाकजो, बाई.”

वच्छलाला क्षणभर वाटलं, नाही टाकत, जाऊ दे. मग म्हणाली, “टाकतो. बेअरिंग कोण बसवीन ते सराले कळलं पाहिजे. बिघडलं कोणामुळं ते मी लिहीत नाही. मशीन खातेच बेअरिंग, तुमी थोडीच खाल्लं.”

चंद्रभान फसकन हसले. “लिही मंग.”

तीन पन्नासला तिनं ‘सर्वानुमते’ खोडलं आणि हे पाठवलं:

‘१. बुधवारी सोळा टन निघत नाही. बुधवारी सात आणि शुक्रवारी सकाळी नऊ, किंवा शुक्रवारी एकदम सोळा. पार्टीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.
२. निवडायच्या मशीनचं बेअरिंग गेलं. बुधवारी नागपूरहून येईल, चंद्रभान त्याच दिवशी बसवतील. हे मीटिंगमध्ये उघड बोललं गेलं नाही, मी नंतर फोन करून विचारलं.
३. खोके आठशे कमी. स्वप्निल उद्या दुपारपर्यंत मागवेल.
४. प्रणालीनं एका बागेचा आंबट माल बाजूला काढला. तो सोळा टनात धरलेला नाही.
५. लेबल: चर्चा झाली, ठरलं काही नाही.’

स्वप्निलनं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे काका मले हाव म्हणून नाही म्हणले? आता सर मलेच धरते.”

“धरू दे. पुढच्या वेळी काकाले विचारशील तं हो-नाहीचं नोको विचारू. किती टन, कोणत्या वारी, असं विचार. आकड्याले पाहू ना म्हणता येत नाही.”

सव्वाचारला किशोर सरांचा फोन आला. मागून कोणी बाई ‘डोळ्यात टाकायचे थेंब कुठं ठेवले’ म्हणून ओरडत होती.

“ताई, पार्टी शुक्रवारी एकदम सोळा घेते. तेच बरं म्हणे, एकच गाडी.” मग त्यांनी श्वास घेतला. “मी बुधवार सांगायच्या बेतात होतो. मशीनचा तो सारांश मले बी आला होता ना. सहमती, सकारात्मक वातावरण. मले वाटलं, वा!”

“वातावरण चांगलंच होतं, सर. चूल तेवढी पेटली नव्हती.”

“काय?”

“काही नाही. सासूबाईचं कसं?”

“पट्टी हाये. एका डोळ्यानं बी जावयाच्या चुका दिसून राहिल्या. पण ताई, एक सांगा. तासभर बोलता आणि कामाचं पाचच ओळी? पुढच्या सोमवारपासून मीटिंगच धा मिनिटाची ठेवा. वानरं नोको, लग्नं नोको. ज्याचं जे काम ते सांगा अन उठा.”

वच्छलानं समोरच्या तेवीस पानांकडे पाहिलं. एकोणिसावं पान सगळ्यात वर होतं, फुली खोडून त्यावर गोल केलेलं.

“ठेवा, सर,” ती म्हणाली. “मंग धा मिनिटात सगळे हाव हाव म्हणतीन, अन मी पाच ओळीत तुम्हाले बुधवार लिहून पाठवीन.”



“तासभरच राहू द्या,” ते म्हणाले. “पण ते वानरांचं तरी कमी करा, बाप्पा.”