दोरीच्या बाहेर

राज्य नवीन, रायपूर नवी राजधानी, म्हणून बस्तरकडचा घाटरस्ता रुंद करणं सुरू होतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची. दरडींची तपासणी माझ्याकडे होती. तिथंच ठेकेदाराकडे माझा मोठा भाऊ मुकादम होता.

डोंगराच्या नव्या कापातल्या खडकाचे उंच, अरुंद खांब झाले होते. त्यांच्यामधल्या फटी खाली जाताना डोंगरात शिरत होत्या, म्हणजे खांबांचे माथे रस्त्यावर झुकलेले. आमच्या कामावरच्या साहेबांनी पायथ्याच्या फटीवर चुन्याची पट्टी ओढून ठेवली होती. दगड सरकला तर पट्टी तुटेल. घसरणारी दरड पायथ्याशी ढीग करते, तो अंदाज धरून त्यांनी धोक्याच्या हद्दीची दोरी बांधली होती.

मी वर चढून पाहिलं. माथ्यामागची फट वर रुंद, खाली बारीक होत गेलेली. मी सांगितलं, हे सरकणार नाही, उलथणार. पाय जागेवरच राहील, डोकं आधी येईल. दोरी पायथ्यापासून खांबाच्या उंचीहून दूर हवी. साहेब म्हणाले, पट्टी शाबूत आहे. मी लेखी दिलं. दोरी हलली नाही.

भाऊ गड्यांना हसत म्हणाला, "आमची पोट्टी शिकली, आता पहाडालेबी वाकडा म्हणून राहिली." पण त्याने गडी लांब नेले. वाहनं थांबवायला झेंडी घेऊन स्वतः मात्र दोरीजवळ राहिला.

रात्रभर पाऊस झाला, फटींत पाणी भरलं. सकाळी खांब आडवा झाला. भाऊ पळाला, पण सगळे पळतात तसा, डोंगराकडे पाठ करून सरळ पुढे. बाजूला पळायला हवं होतं.

रायपुरात गुढियारीतल्या आमच्या घरी येणारे-जाणारे कुजबुजायचे, पोट्टा दोरीच्या आत गेला असेल. आईने ते ऐकलं. तेराव्यानंतर मला म्हणाली, "तू शिकली आहेस ना? मग सांग मले."

मी पाट तिरपा धरून त्यावर पुस्तक ठेवलं. ते घसरलं आणि पाटाच्या टोकाशीच थांबलं. तिथून वीतभर पुढे मी दोरा टाकला. मग पाट काढून पाटाच्या टोकाच्या जागी माझी कॉलेजची जाड पुस्तकं उभी केली, दोऱ्याकडे किंचित झुकवून. हात सोडला. बूड जागेवरच राहिलं, वरची कड दोरा ओलांडून जमिनीवर आपटली.

आईने त्या कडेखाली बोट घालून पाहिलं.

"म्हणजे तो बाहेरच होता."

"हव, आई. बाहेरच होता."

मग उठून भावाने माझ्यासाठी ठोकलेल्या फळीवरची सगळी पुस्तकं तिने एकेक करून आडवी ठेवली. आमच्या घरात ती अजून आडवीच आहेत.