पूर्णविरामापुढची जागा

एका कारखान्याचा इतिहास चौघांनी टाइप केला होता. कोणी पूर्णविरामाआधी जागा सोडली होती, कोणी नंतर सोडलीच नव्हती. मुद्रितशोधक मी. कंटाळून मी संगणकावर एकदम सगळ्याच पूर्णविरामांपुढे जागा घातली. ‘७.५ इंच’चं ‘७. ५ इंच’ झालं आणि तसंच छापलं गेलं.

“अहो, ही मापं आहेत की फोन नंबर?” प्रकाशक म्हणाले.

“खडकीच्या बाईंनी टाइप केलंय,” मी म्हणालो.

खरं तर चौघांत त्यांचीच प्रकरणं सर्वांत स्वच्छ होती. त्यांचं काम कायमचं बंद झालं.

बऱ्याच वर्षांनी, यंदा मी कबुलीचं पत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या वारल्या होत्या. मुलीने पत्र वाचलं.

“प्रकाशकही गेले, काका. आता कोणाला दाखवू हे?”