चिठ्ठीवरचा डावा-उजवा

चौथी शिकलेला मी, पण अक्षर बरं म्हणून पिंपरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासणीच्या चिठ्ठ्या उतरवायला बसवलं. दर भेटीचा एक तक्ता: तारीख, उजवा डोळा, डावा डोळा, बिनचष्म्याची नजर, नंबर, चष्म्याची नजर. चिठ्ठीवर नुसती फुली आणि दोन्ही बाजूंना आकडे. उजवीकडचे आकडे मी उजव्या डोळ्यात भरत गेलो.

मग बायकोची चिठ्ठी आली. तक्त्यात उजवा सहा-छत्तीस म्हणजे अधू, डावा सहा-नऊ म्हणजे बरा. अधू डोळा तिचा डावा होता, लग्नापासून ठाऊक. सकाळचे तक्ते तर चष्मे बनवायला चष्मेवाल्याकडे गेलेले, सगळे कंपनीतल्या मशीनवरच्या कामगारांचे.

डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली तर ते ओरडले, "अहो, पेशंट समोर बसतो! आपल्या डाव्या हाताला त्याचा उजवा डोळा, चिठ्ठीवरही तसंच!"

सायकल हाणत गेलो. चष्मेवाला म्हणाला, "काचा अजून घासल्या न्हाईत, राव. एवढं काय झालं?" मी सगळे तक्ते परत मागून घेतले.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं झालं, माझा अधू डोळा तरी फुकट न्हाई गेला, कामी आला."

मी तिच्यावर खेकसलो. आज वाटतं, नुसतं हसायला हवं होतं.