दारांचे फोटो

तापाच्या सर्वेक्षणाचं ॲप मी चंद्रपूरला, पंख्याखाली बसून बनवलं. ऑफिसात वायफाय होतं. नोंद भरली की त्याच क्षणी सर्व्हरवर जायची. मला वाटलं, जगात सगळीकडे असंच असतं.

धानोरा तालुक्यात ते ॲप वापरणाऱ्या बायकांच्या गावात नेटवर्क नव्हतं. त्या आठवडाभर घरोघरी फिरत, ताप कुणाला आहे ते फोनमध्ये भरत, दारावर खडूने तारीख लिहून तिचा फोटो काढत आणि आठवड्याच्या शेवटी टेकडीवरच्या एका खडकावर चढून सगळं एकदम पाठवत. हे त्यांच्यासाठी इतकं रोजचं होतं की कुणी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

खोट्या नोंदी पकडणारी यादीसुद्धा मीच बनवली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. एकाच जागेवरून, एकाच वेळी भरपूर नोंदी आल्या की पाठवणारीचं नाव यादीत लाल व्हायचं. पहिलं लाल नाव एका विधवा बाईचं निघालं. एक्केचाळीस घरांच्या नोंदी, सगळ्या त्या खडकावरून. आमच्या संस्थेच्या प्रकल्पप्रमुखांनी गावात सभा घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, या बाई घरोघरी गेल्याच नाहीत, एका जागी बसून खोटं भरलं. त्याच दिवशी तिचं काम काढून घेतलं.

चार दिवसांनी ती संस्थेने दिलेला फोन घेऊन गडचिरोलीच्या ऑफिसात आली. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"भाऊ, मी साऱ्या घरी गेली होती. तुमी फोन पाहा ना," ती म्हणाली.

फोन पाहायचा म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. नशिबाने, खरं तर माझ्या आळशीपणाने, त्या फोनांवर मी अजून चाचणीचं, म्हणजे डीबग ॲपच टाकून ठेवलं होतं. पक्की आवृत्ती असती तर आतलं काही दिसलं नसतं. मी यूएसबी डीबगिंग चालू केलं, केबल लावली, ॲप उघडं ठेवलं आणि लॅपटॉपवर ॲपच्या आत साठलेल्या नोंदी दाखवणारा डेटाबेस इन्स्पेक्टर उघडला. डाव्या बाजूला टेबलांची नावं आली. भेटींच्या टेबलावर दोनदा क्लिक केलं.

एक्केचाळीस ओळी. प्रत्येकीची वेळ वेगळी, अक्षांश-रेखांश वेगळे.

नोंद भरतानाची जागा आणि वेळ टेबलात नीट उतरली होती. पाठवताना मात्र माझा कोड त्या ओळीतली जागा-वेळ घेतच नव्हता. पाठवण्याच्या क्षणी फोन जिथे असेल ती जागा आणि ती वेळच सर्व्हरला कळवत होता. ऑफिसात दोन्ही एकच असायचं, म्हणून मला कधी दिसलं नाही.

मग फाइल एक्सप्लोररमधून ॲपच्या खासगी फोल्डरात गेलो. इंटरनेटचा डेटा कमी खर्च व्हावा म्हणून फोटो सर्व्हरला पाठवायचे नाहीत, असं आमचं ठरलं होतं. ते सगळे तिथे होते, तारखांसकट. मी ते लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि एकेक उघडला. निळं दार, कुडाचं दार, दार नसलेल्या घराची चौकट.

ती वाकून पाहत होती. "हे माह्या नणंदेचं घर," म्हणाली. मग अगदी शांतपणे, "हे सारं याच्यातच होतं, त मले पहिले काऊन नाई विचारलं?"

मी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई." लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

प्रमुखांनी स्क्रीन पाहिली, अर्धं मिनिट. "तांत्रिक अडचण लिहा अहवालात," ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. त्यांच्या जागी नवीन बाई घेतल्यात, ट्रेनिंगही झालं. हा फोन रिकामा करून त्या नवीन बाईंना द्या." मी पगारी माणूस. मान हलवली. ॲप काढून टाकलं. टेबल गेलं, फोल्डरही गेलं.

जाताना ती दारात थांबली. "काम नाई देत त नका देऊ. फक्त गावात येऊन सांगा भाऊ, का मी खोटी नोती. सभेत त्याईनं सांगतलं, तसंच सभेत."

"येतो," मी म्हणालो.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्याच संध्याकाळी केली. आता पाठवताना टेबलातलीच जागा आणि वेळ जाते, खडकावरून पाठवणारं कुणी लाल होत नाही, आणि प्रमुखांनी बैठकीत माझं कौतुक केलं. फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवर आहे. धानोऱ्याला त्यानंतर माझ्या तीन चकरा झाल्या, तीनही संस्थेच्या कामाच्या. तिचं गाव तिथून जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे.

मी गेलो नाही.