‘ठरला आहात’

एकोणीसशे तिसाच्या सुमारास, कॉलेजच्या सुट्टीत, मी रत्नागिरीला शाळाखात्याच्या कचेरीत इंग्रजी हुकमांचं मराठी करायचो. एका शाळेवरच्या नेमणुकीच्या हुकमात उमेदवाराची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव होतं. बाई की पुरुष कळेना, म्हणून मी लिहिलं, ‘आपली नेमणूक झाली आहे.’

हेडक्लार्कांनी ते खोडून ‘आपण नेमणुकीस पात्र ठरला आहात’ केलं. “मास्तरच असणार रे तो!”

आठवड्याने मुरुडहून एक विधवा बाई तो कागद घेऊन आल्या.

“बाई, हा पुरुषाला आहे. ‘ठरला’ वाचलंत ना?” हेडक्लार्क म्हणाले.

“आडनाव, पत्ता माझाच आहे.”

मी चाचरत मूळ इंग्रजी हुकूम पुढे केला.

“तू सुट्टीपुरता आहेस,” हेडक्लार्क म्हणाले.

बाई परत गेल्या. महिन्याभरात त्या शाळेवर हेडक्लार्कांचे मेहुणे रुजू झाले.