खोडलेल्या नऊ ओळी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा होता. जामखेडच्या कॉलेजात आमचा चौघींचा गट होता आणि विषय होता गावातले जुने आड. प्रत्येकीने आपापल्या गावातले आड शोधायचे, खोली मोजायची, पाणी कधी आटते आणि कोण वापरते ते मालकाला विचारून वहीत लिहायचे.

चौघींपैकी एकीचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात. त्या वर्षी आईचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. वडिलांच्या जोडीला कोणी नव्हते, म्हणून दिवाळीनंतर ती गेली. देवळाली प्रवराच्या पुढे उसाच्या फडाजवळ त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, होती. जाण्याआधी ती कॉलेजात आली आणि सरांना भेटली. मी तिच्याबरोबर होते.

सर म्हणाले, "हजेरी भरणार नाही तुझी. पण प्रकल्पाचं काम चालू असल्याचं दिसलं, तर गैरहजेरी माफ करायचा अर्ज मी पुढे पाठवीन. गटाचा प्रगती अहवाल एका पानात द्या. झालेलं काम, बाकी काम, पुढचे टप्पे. सविस्तर वह्या नंतर बघू."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आमच्या दादांनी सांगितलंय, औंदा परीक्षेला बसू दिलं तर बसायचं. न्हाई तर कालेजातनं नाव काढायचं." दादा म्हणजे तिचे वडील. ती हे सहज बोलली. मीही सहज ऐकले.

अहवाल लिहायचे माझ्याकडे आले, कारण माझी भाषा बरी होती. महिन्याभराने बाकी दोघींनी आपापल्या वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. तिने एकच फोटो पाठवला. कोपीत वीज नव्हती. मोबाईल गावातल्या दुकानात चार्जिंगला ठेवावा लागे आणि तेवढ्यात एखादा फोटो जाई. पानावर तिच्या गावातल्या अकरा आडांची यादी होती. त्यातल्या नऊ ओळींवर आडवी रेघ मारलेली होती. दोन ओळींवर रेघ नव्हती.

मी सगळे फोटो मोबाईलमधल्या एआय अॅपला दिले आणि तीन भागांत अहवाल करायला सांगितले. थोड्याच वेळात अहवाल आला. दोघींचे आणि माझे काम बरोबर लागले होते. तिच्या नावापुढे बाकी कामात दोन आड होते आणि झालेल्या कामात काहीच नव्हते. सर्वांत खाली टीप होती. शेवटच्या फोटोतल्या नऊ ओळी खोडलेल्या आहेत, त्या पूर्ण झाल्या म्हणून खोडल्या की रद्द केल्या हे फोटोवरून कळत नाही, ज्यांची वही आहे त्यांना विचारावे, असे त्यात लिहिले होते.

अहवाल टिपेसह दुसऱ्या पानावर जात होता. मी टीप काढली. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरात खोडलेले म्हणजे चुकलेले किंवा नको असलेले. ती घाईत गेली, नऊ आड सोडून दिले असतील, असे मी धरले. तिला फोन लावता आला असता. लागला नसता, तर सरांकडून एक दिवस मागता आला असता. मी दोन्ही केले नाही.

सरांनी अहवाल वाचला. "हिचं तर काहीच झालेलं नाही," एवढेच म्हणाले. अर्ज त्यांनी पुढे पाठवला नाही. चार दिवसांनी माफी मिळालेल्यांची यादी वर्गाच्या ग्रुपवर आली. तिचे नाव नव्हते.

तिचा फोन दुपारी आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"अगं, मी निघायच्या आधीच नऊ आड केलं हुतं."

"तू खोडले होतेस ना?"

"खोडलं म्हंजे झालं. मुकादम न्हाई का, सरी तुटली की वहीत रेघ मारतो. आमच्यात असंच करत्यात."

मी मोबाईलवर तिचा तो फोटो पुन्हा उघडला.

"लई शाळा शिकलीस," ती म्हणाली, "आन रेघ वाचता येईना." ती थोडे हसली. मग म्हणाली, "दादांनी यादी बघितली."

त्या रविवारी तिने उरलेली सगळी पाने पाठवली. यादीत नाव नसताना तिने ती का पाठवली, हे मी विचारले नाही. प्रत्येक आडाला एक पान होते. दोरी सोडून घेतलेली खोली हातांत, बाजूला मीटरमध्ये. मालकाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत. एका पानावर लिहिले होते, 'ह्या आडात सासू पडली म्हणून सून पाणी भरत नाही, खरं खोटं विचारलं नाही.' आमच्या चौघींत सर्वांत चांगले काम तिचे होते.

मी पाने घेऊन सरांकडे गेले आणि टीप काढल्याचेही सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ पाने चाळत बसले. "दुरुस्त अहवाल दे," ते म्हणाले, "मी प्राचार्यांशी बोलतो." ते बोलले. आठ दिवसांनी अर्ज मंजूर झाला. परीक्षेच्या फॉर्मवर तिची सही तेवढी हवी होती.

फॉर्म आणि दुरुस्त अहवाल घेऊन मी एसटीने नगरला आणि तिथून राहुरीच्या गाडीने देवळालीच्या पुढे गेले. फडात पोचले तेव्हा ऊन चढले होते. वडील तोडत होते, ती मागे मोळ्या बांधत होती. तिच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती. वडिलांनी मला पाणी दिले, फॉर्म हातात घेतला, पण उघडला नाही.

"तुमच्या कालेजानं न्हाई म्हनलं," ते म्हणाले, "तव्हा मी मुकादमाला हंगामाच्या शेवटपतूर हो म्हनलो. पाव्हन्यांनाबी हो म्हनलो. उन्हाळ्यात हिचं कार्य हाय. आता कुनाकुनाला फिरवू, बाई?"

"चूक माझी होती, काका. तिची नव्हती."

"असंल," ते म्हणाले. त्यांनी फॉर्म घडी न मोडता परत दिला आणि ते तोडायला लागले.

तिने अहवाल मागितला. मोळीवर बसून तिने तो पूर्ण वाचला. झालेल्या कामात तिचे नऊ आड क्रमाने होते. ते तिने बोटाने मोजले. नंतर बाकीच्या दोन आडांवर बोट ठेवले.

"हे कोन करनार?"

"मी करते."

"मग ऐक. पयल्या आडावरच्या म्हातारीला ऐकू येत न्हाई, कानाजवळ बोल. दुसरा आड मारुतीच्या माघारी. मालक दुपारच्या आत गाठ, नंतर शेरडं घेऊन जातो. आन दोरी लांब ने. माझी पुरली न्हाई, म्हनून तर राह्यलं."

मी पेन काढून पुढील टप्पे या मथळ्याखाली तिचे सांगणे लिहून घेतले. लिहून होईपर्यंत ती उठली होती आणि वडिलांच्या मागे पुढच्या सरीत गेली होती. त्या मथळ्याखाली तिच्या नावापुढे मला आणखी काही लिहिता आले नाही.