अंगददादांचा काळा दात

भावी सरपंच असं पद कायद्यात नाही, पण आमच्या अंगददादांनी ते अकरा वर्षं सांभाळलं. सुप्याच्या फाट्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणजे त्यांची निम्मी कारकीर्द मीच छापली. वाढदिवस, दहावा, बैलपोळा, कुणाच्या पोरीला लागलेली नोकरी, सगळीकडे दादा हात जोडून हसत उभे. हसले की वरच्या दोन मोठ्या दातांतला एक काळानिळा दिसायचा. मग मी संगणकावर शेजारचा दात उचलायचो, उलटा करायचो आणि त्याच्यावर चिकटवायचो.

फोटोत झाकलेला हाच दात भाषणात मात्र बाहेर यायचा. माईक हातात आला की दादा ओठ वर करून त्यावर बोट ठेवायचे. "ह्यो बघा! दूध आंदोलनात तुमच्यासाठी लाठी खाल्ली म्या." बाया हळहळायच्या. खरं तर त्या दिवशी पोलिसांनी नुसती शिट्टी वाजवली होती. दादा सगळ्यांच्या आधी पळाले आणि माझ्या पिकअपमध्ये चढताना मागचा फाळका त्यांच्या तोंडावर आपटला. मी गप्प राहिलो, कारण गिऱ्हाईक मोठं. त्याची मला आजही लाज वाटते.

यंदा निवडणूक लागली आणि समोरच्या पार्टीच्या रामने रोज रील टाकायला सुरुवात केली. दादांनीही एक टाकली. खाली पहिलीच कमेंट आली, "दातावर माशी बसलीय." हलत्या तोंडावर दात चिकटवणं मला जमेना. तेव्हा दादा मला घेऊन नगरला सावेडीत डॉक्टर दिशांच्या दवाखान्यात गेले. सोबत फ्लेक्सचा फोटो होता.

"असा करा," फोटो पुढे करत दादा म्हणाले. "येकदम पांढरा. वरून टोपी बसवा."

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मार लागल्यावर आतली नस मेली होती, म्हणून दात काळा पडला होता. दात मात्र धडधाकट होता. "टोपीसाठी चांगला दात चारी बाजूंनी घासावा लागेल," त्या म्हणाल्या. "पुढे पातळ पापुद्रा लावला तर हा काळेपणा खालून डोकावेल. आधी रूट कॅनाल करू, मग आतूनच पांढरा करू."

दादांना पटेना. तेव्हा डॉक्टरांनी दातांच्या रंगाचे नमुने आणले, दादांना खिडकीच्या उजेडात बसवलं आणि सगळ्यात पांढरा नमुना ओठाशी धरून हातात आरसा दिला. तंबाखूच्या पिवळ्या रांगेत तो संडासाच्या नव्या फरशीसारखा चमकत होता. दादांनी फ्लेक्सचा फोटो घडी करून खिशात घातला.

आधी शेजारच्या दातांवरचे डाग साफ झाले. मग रूट कॅनाल. ते भरल्यावर हिरडीखाली औषध झिरपू नये म्हणून वर सिमेंटचा थर, त्यावर दाताच्या पोकळीत पांढरं करायचं औषध आणि मागून तात्पुरतं बूच. दर आठवड्याला औषध बदलायचं. तिसऱ्या खेपेला रंग शेजाऱ्यांपेक्षा किंचित उजळ झाला. "थोडा उतरतो, म्हणून इथंच थांबू," डॉक्टर म्हणाल्या. दोन आठवड्यांनी मागचं भोक कायमचं भरलं. खोटं कशाला बोलू, माझ्या संगणकापेक्षा बाईंचा हात सरस होता.

प्रचाराची सभा मारुतीच्या पारावर भरली. दादा रंगात आले आणि सवयीने ओठ वर करून त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो दात बघा!"

पुढे बसलेल्या लंकाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, जवळ गेल्या आणि डोळे बारीक करून बघू लागल्या. "कंचा?"

"ह्यो की!"

"ह्यो तर शेजारच्यावानीच हाय. पोलिसांनी लाठी माघारी घेतली का काय?"

सभा अशी हसली की माईक शिट्टी मारायला लागला. दादांचं भाषण त्या दाताशीच संपलं. अकरा वर्षांत गावासाठी केलेलं दुसरं काही त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोच दादा हजर. "ओंकार, आंदोलनाचा मोठा फ्लेक्स छाप. फोटो नवा घे. फकस्त येक दात काळा करून दे."

मी फोटो उघडला. दोन्ही दात सारखे, कुठे उन्नीस-बीस नाही. "कोणता करू?"

दादांनी जिभेने चाचपलं, स्क्रीनवर बोट नेलं, मागे घेतलं. मग खिशातला आरसा काढून त्यात बघितलं. "उजवा… थांब. न्हाई न्हाई, डावा."

मी डावा काळा केला. खरा उजवा होता. अकरा वर्षं तो मीच पांढरा करत आलो होतो, मला कसा चुकेल? पण मी गप्प राहिलो, आणि या वेळी मला अजिबात लाज वाटली नाही.